फिल्म एक, बघणारे पाच: कुपवाडच्या हळद कारखान्यासाठी केलेल्या व्हिडिओतले बदल

कुपवाड एमआयडीसीतला हळद पावडरचा एक कारखाना. घरचाच धंदा, दुसरी पिढी आता व्यवहार बघते, आणि ऑक्टोबरमध्ये जर्मनीत कोलोनला भरणाऱ्या अनुगा या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात त्यांना स्टॉल लावायचा होता. स्टॉलवरच्या टीव्हीसाठी आणि परदेशी खरेदीदारांना पाठवण्यासाठी तीन मिनिटांची फिल्म हवी होती, इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत. काम आमच्याकडे आलं ते जानेवारीत. हाताशी आठ-नऊ महिने होते, आणि मला काळजी वाटत होती ती त्याचीच. मुदत जवळ असली की लोक पटापट ठरवतात. मुदत लांब असली की कट, म्हणजे शॉट जोडून केलेली फिल्म, फोनमध्ये पडून राहतो, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवला जातो, आणि प्रत्येक पाहुणा काहीतरी सुचवून जातो.

क्वोटेशन 2,40,000 रुपयांचं होतं, जीएसटी वेगळा. त्यात एडिटरचा रोज 4,000 धरला होता. पहिला कट उभा करायला पाच दिवस, बदलांच्या दोन फेऱ्यांना दोन-दोन दिवस, शेवटच्या कामाला तीन. म्हणजे दोन फेऱ्यांचे 16,000 किमतीतच होते. सगळा खर्च जाऊन आमच्या हातात साधारण 35,000 उरणार होते. फेऱ्या दोनाच्या पाच झाल्या असत्या तर त्यातले 24,000 एडिटरच्या टेबलावरच संपले असते. हे गणित मी ग्राहकाला दाखवत नाही, पण क्वोटेशनवर सही घेताना स्वतःसमोर ठेवतो, कारण पुढे 'नाही' म्हणायचं बळ त्यातूनच येतं.

आमच्या भागातल्या बहुतेक क्वोटेशनमध्ये शेवटी एक ओळ असते: 'दोन वेळा बदल मोफत'. या ओळीने काहीच होत नाही. मालकाच्या मुलाने सोमवारी दोन गोष्टी सांगितल्या, मंगळवारी मॅनेजरने तीन, बुधवारी मालकांनी एक, तर ही एक फेरी की तीन? म्हणून मी फेरी म्हणजे काय ते लिहून देतो. एका ठरावीक व्हर्जनवर, सगळ्या संबंधितांनी बघितल्यावर, एका माणसाने एकाच यादीत पाठवलेले बदल म्हणजे एक फेरी. यादी येईपर्यंत एडिटर हात लावत नाही. यादी आल्यावर 'अजून एक राहिलंच' असं आलं, तर ते पुढच्या फेरीत जातं. यादी देणारा माणूस इथे ठरला मालकांचा मुलगा. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणायला लागलो.

पण यादी देणारा आणि शेवटचा शब्द असणारा हे एकच असतील असं नसतं. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "ही फिल्म बघून 'हे चालणार नाही' असं कोण म्हणू शकतं?" दादांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग एक्स्पोर्ट मॅनेजरचं, मग क्वालिटीच्या मॅडमचं. कोपऱ्यात अण्णा, म्हणजे दादांचे वडील, पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही करा बघू. शेवटाला मला एकदा दाखवा म्हणजे झालं."

या धंद्यात सगळ्यात महाग वाक्य हेच. शेवटी बघणारा माणूस सगळं तयार झाल्यावर बघतो, आणि त्याला मूळ कल्पनेतलीच एखादी गोष्ट खटकते. त्या वेळी आवाज रेकॉर्ड झालेला असतो, संगीत त्यावर बसवलेलं असतं, रंग झालेले असतात. त्यात त्याची चूक नसते. त्याला आधी बघायला मिळेल असं काही आपण त्याच्यासमोर ठेवलेलं नसतं. कागदावरची स्क्रिप्ट अण्णांसारखी माणसं वाचत नाहीत, आणि वाचली तरी त्यावरून पडद्यावर काय दिसेल ते डोळ्यांसमोर येत नाही.

म्हणून शूटच्या आधीच आम्ही एक कच्ची फिल्म केली. स्क्रिप्टचे सुमारे तीनशे शब्द माझ्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केले. मराठी निवेदन निवांत वाचलं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द बसतात, त्यामुळे लांबीचा अंदाज तिथेच आला. प्रत्येक वाक्याखाली कारखान्याच्या भेटीत काढलेला फोटो लावला, आणि जिथे फोटो नव्हता तिथे पांढऱ्या पाटीवर 'इथे ग्राइंडिंग विभाग दिसेल' असं लिहिलं. एडिटरचा अर्धा दिवस गेला. लॅपटॉप घेऊन मी अण्णांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळ्यांना एकत्र बसवून ती दाखवली.

अण्णांनी शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हळद शिजवताना कुठं दिसली नाही ती?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कारखाना वाळलेली, पॉलिश केलेली हळकुंडं मार्केट यार्डातल्या सौद्यातून विकत घेतो. शिजवणं, वाळवणं आणि पॉलिश ही कामं शेतकऱ्याकडेच होऊन जातात, त्यामुळे कारखान्यापुरत्या स्क्रिप्टमध्ये ती आलीच नव्हती. अण्णांचं म्हणणं असं, की परदेशातला खरेदीदार माल कुठून आला ते आधी विचारतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मग शेत आणि शिजवणी दाखवल्याशिवाय त्या मानांकनाला फिल्ममध्ये आधार काय? आणि आमच्याकडे काढणी-शिजवणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते. हाच प्रश्न एप्रिलमध्ये, पहिला कट बघताना आला असता, तर उत्तर पैशांत नव्हतंच. पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं, नाहीतर कुणाचं तरी जुनं फुटेज शोधत फिरायचं. आता मात्र शूटच्या यादीत एक सकाळ वाढली, वाफेच्या कुकरवर हळद शिजताना आणि पुढे खळ्यावर वाळत पडलेली मिळाली. तीन मिनिटांतले सगळ्यात देखणे शॉट तेच आहेत.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवून घेतली. दरवर्षी बदलणारी माहिती निवेदनात घ्यायची नाही. किती टन क्षमता, किती देशांना निर्यात, कुठली सर्टिफिकेट, हे सगळं पडद्यावरच्या अक्षरांत येईल. अक्षरं बदलायला एडिटरला तासभर पुरतो. आवाजातला एक आकडा बदलायचा तर कलाकाराला पुन्हा बोलवावं लागतं, आणि तेही तीन भाषांत तीन वेळा. आवाजाच्या कलाकारांचा रिवाज साधारण असा, की उच्चार चुकला तर ते पुन्हा वाचून देतात, पण मजकूर बदलला तर नवीन मानधन लागतं. हे ग्राहकाला आधी माहीत असेल तर तो स्वतःच स्क्रिप्ट दोनदा तपासतो. अण्णांनी 'ठीक' म्हटल्यावर दादांकडून मेलवर लिहून घेतलं: स्क्रिप्ट मंजूर.

शूटच्या दिवसांबद्दल एकच गोष्ट सांगतो. क्वालिटीच्या मॅडमना मी मॉनिटरशेजारी खुर्ची दिली होती. पॅकिंग लाइनवर फ्रेम लावली, लाइट झाला, आणि मॅडम म्हणाल्या, "मागच्या ताईंच्या हातात बांगड्या दिसतायत." मला तर त्या दिसल्याही नव्हत्या. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात उत्पादनाच्या जागी दागिने चालत नाहीत, आणि युरोपचा खरेदीदार फिल्ममध्ये टोपी, मास्क, हातमोजे आधी बघतो. त्या ताई एरवी तिकडे नसतात, शूट बघायला आत आल्या होत्या. दोन मिनिटांत फ्रेम मोकळी झाली. हाच शॉट कटमध्ये सापडला असता तर तो काढावा लागला असता, आणि पॅकिंगचा दुसरा इतका चांगला शॉट नव्हता. ज्याची हरकत नियमाच्या जोरावर येते, तो माणूस कॅमेऱ्यापाशी हवा. त्याचा आक्षेप एडिटमध्ये सोडवता येत नाही.

पहिला कट एप्रिलमध्ये तयार झाला. फाइलचं नाव `HALAD_MR_v01`, चित्रावर टाइमकोड, म्हणजे मिनिट-सेकंदांचे धावते आकडे, छापलेला, आणि सुरुवातीला पाच सेकंदांची पाटी: 'रंग, संगीत आणि आवाज तात्पुरते आहेत. या कटमध्ये क्रम, शॉट आणि मजकूर बघावा.' ही पाटी नसेल तर निम्म्या सूचना 'चित्र फिकट वाटतं' अशा येतात, आणि जे आत्ता ठरायला हवं ते मागे राहतं. 'फायनल' हा शब्द मी कुठल्याही फाइलच्या नावात येऊ देत नाही. व्हर्जनला आकडा असला की फोनवर "तिसऱ्यात होतं ते चौथ्यात गेलं" असं बोलता येतं.

लिंक लगेच पाठवली नाही. आधी सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्या टीव्हीवर दोनदा दाखवला. पहिल्यांदा कुणी काही बोलायचं नाही, दुसऱ्यांदा थांबवत बघायचं. मग चार दिवसांसाठी लिंक दिली. दादांनी आणि एक्स्पोर्ट मॅनेजरने लिंकवरच, त्या-त्या सेकंदावर सूचना लिहिल्या. अण्णांचे व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आले. दादांच्या मेहुण्यांनीही पुण्याहून मत पाठवलं. एकूण वीस-पंचवीस सूचना झाल्या. मी सगळ्या एका तक्त्यात उतरवल्या: टाइमकोड, कुणाची सूचना, नेमकं काय म्हणणं, आणि शेवटी रिकामा रकाना 'निर्णय'. तो रकाना मी भरत नाही. तो दादांनी भरायचा.

भरण्याआधी मी प्रत्येक सूचनेपुढे तीनपैकी एक खूण करतो. आमची चूक असेल तर ती फेरीत मोजत नाही, कितीही वेळा सुधारून देतो. आवडीनिवडीचा बदल असेल तर तो फेरीत मोजतो. ठरलेल्या स्क्रिप्टच्या बाहेरची मागणी असेल तर ती वेगळ्या पैशांची. उदाहरणार्थ, 01:12 ला गावाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ती आमची चूक. 00:48 चा ड्रोन शॉट लांबलाय, ही आवड. अण्णांच्या वडिलांचा जुना फोटो आणि धंदा कसा सुरू झाला ते वीस सेकंद घाला, ही नवी मागणी, कारण त्यासाठी निवेदन वाढतं. ही विभागणी ग्राहकासमोर मांडली की वाद जवळजवळ होत नाही. चुका आपण विनातक्रार स्वीकारतोय हे दिसलं, की उरलेल्या दोन खुणांवर त्यांचाही विश्वास बसतो.

अवघड असतात त्या मोघम सूचना आणि एकमेकींना छेद देणाऱ्या सूचना. दादांनी लिहिलं होतं, "मधला भाग अजून प्रीमियम वाटायला हवा." यावर एडिटरने काहीही केलं तरी ते चुकूच शकतं. मी फोन करून विचारलं, "कुठल्या सेकंदाला तुमचं लक्ष उडालं?" उत्तर आलं, ग्राइंडिंगच्या खोलीत. तिथे एकामागोमाग सात मशीन होत्या, सगळ्या सारख्याच लांबून घेतलेल्या. 'प्रीमियम' म्हणजे त्यांना मशीन कमी आणि पावडर जवळून हवी होती. तीन शॉट काढले, एक जवळचा घातला, काम झालं. उपाय सांगणाऱ्या सूचनेचंही असंच असतं. अण्णा म्हणाले, "गाण्याचा आवाज वाढवा." त्यामागचा त्रास विचारला तर कळलं की शेताच्या भागात त्यांना फिल्म सुस्त वाटत होती. संगीत वाढवलं असतं तर निवेदन दबलं असतं. आम्ही त्या भागातलं निवेदन दोन ओळींनी कमी केलं, शिजवणीचा खरा आवाज वर आणला. पुढच्या वेळी गाण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही.

छेद देणाऱ्या सूचनांचा न्याय मात्र आपण करायचा नाही. एक्स्पोर्ट मॅनेजरचं म्हणणं, स्टॉलवर कुणी तीन मिनिटं थांबत नाही, दीड मिनिटाची करा. अण्णांचं म्हणणं, आजोबांचा फोटो घालून वाढवा. दोन्ही बाजूंना अर्थ होता. अशा वेळी एडिटरला मधला मार्ग काढायला लावला की सव्वादोन मिनिटांची, कुणालाच न आवडणारी फिल्म तयार होते. मी तक्त्यात दोन्ही सूचना एकाखाली एक ठेवल्या, प्रत्येकीपुढे किंमत लिहिली आणि दादांना म्हटलं, घरात ठरवा, एकच उत्तर पाठवा. आठवडा गेला. मी आठवण केली ती फक्त तारखेची, मत दिलं नाही. उत्तर आलं: तीन मिनिटांची फिल्म तशीच राहील, आजोबांचा फोटो निवेदनाशिवाय शेवटी चार सेकंद, आणि स्टॉलसाठी त्यातूनच काढलेली दीड मिनिटाची वेगळी आवृत्ती, तिचे वेगळे 12,000. मेहुण्यांच्या सूचनांपुढे दादांनी स्वतःच 'नको' लिहिलं होतं. यादी एकाच माणसाकडून का घ्यायची ते इथे कळतं. घरातल्या माणसाला नाही म्हणणं घरातल्यालाच जमतं.

दुसरी फेरी लहान झाली. तिच्यासोबत मी एकच गोष्ट मागितली: पहिल्या यादीतलं जे झालं त्यावर बोला, आणि नवीन काही असेल तर ते पहिल्या वेळी का दिसलं नाही तेही लिहा. नवीन सूचना दोनच आल्या. मग पिक्चर लॉक, म्हणजे शॉटचा क्रम आणि लांबी पक्की. दादांनी मेलवर लिहून दिलं, आणि त्यावर दुसरा हप्ता जमा झाला. आमचे हप्ते असे असतात: ऑर्डरबरोबर 40 टक्के, पिक्चर लॉकला 40, मास्टर फाइल देताना 20. अनेक जण शेवटचा मोठा हप्ता 'फायनल मंजुरीनंतर' असा ठेवतात, आणि मग मंजुरी हेच दबावाचं साधन होतं. मोठा हप्ता लॉकला बांधला, की लॉक करण्यात दोघांनाही रस राहतो.

लॉकचा अर्थ मी ग्राहकाला टाइमलाइन उघडून दाखवतो. घराचा स्लॅब पडल्यावर खोलीची भिंत सरकवण्यासारखं आहे ते. चित्र पक्कं झालं की त्यावर तीन भाषांतले आवाज, संगीताचे चढउतार, सबटायटल आणि शॉट-शॉटचे रंग बसतात. मधला एक शॉट दोन सेकंदांनी लांबवला तर त्यापुढचं सगळं दोन सेकंद सरकतं, तीनही आवृत्त्यांत. पण एका शॉटच्या जागी तेवढ्याच लांबीचा दुसरा टाकला तर आवाज जागचा हलत नाही, फक्त त्या शॉटचा रंग करावा लागतो. हा फरक कळलेला ग्राहक लॉकनंतर वेगळ्या तऱ्हेने मागतो.

आणि लॉकनंतर मागणी येतेच. ऑगस्टमध्ये दादांचा फोन आला, पाऊचचं डिझाइन बदललं, फिल्ममध्ये नवं हवं. मी 'बघतो' म्हटलं नाही, 'होणार नाही' असंही म्हटलं नाही. जुना पाऊच चार ठिकाणी होता: पॅकिंग लाइनवर दोनदा, निर्यातीच्या खोक्याजवळ एकदा, आणि शेवटच्या पॅक शॉटमध्ये. त्याच संध्याकाळी एका पानावर दोन पर्याय लिहून पाठवले. पहिला, चारही शॉट नव्याने: अर्ध्या दिवसाचं शूट 9,000, एडिट आणि रंग 4,000, तीन भाषांच्या मास्टर पुन्हा काढणं 2,000, एकूण 15,000. पण नव्या पाऊचचा रोल मशीनवर चढेपर्यंत थांबावं लागेल. दुसरा, फक्त शेवटचा पॅक शॉट आमच्याकडे टेबलावर घेऊन तेवढ्याच लांबीत बदलायचा: 5,000, दोन दिवस. लाइनवर जुना पाऊच लांबून आणि पळताना दिसतो, हेही लिहिलं, म्हणजे निवड माहिती घेऊन होईल. त्यांनी दुसरा पर्याय घेतला. मंजुरी मेलवर आल्यावरच टेबलावर लाइट लावला. पानभर लिहायला अर्धा तास लागतो, आणि तोंडी 'किती होतील?' 'बघू की नंतर' यातून होणारं मनाचं नुकसान टळतं.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. पंधरा-वीस हजारांच्या छोट्या रीलला एवढा तक्ता मांडला तर तक्त्याचाच खर्च वाढतो. तिथे मी एकच फेरी ठेवतो, तीही समोर बसून. जिथे समिती मंजुरी देते आणि मधेच समितीतली माणसं बदलतात, तिथे आधीच्या लॉकला नवी माणसं जुमानत नाहीत. अशा कामाच्या किमतीत मी सुरुवातीलाच तिसरी फेरी धरतो आणि हप्ते लहान-लहान पाडून घेतो. आणि ग्राहकाकडून दहा कामाचे दिवस काहीच उत्तर आलं नाही तर काम थांबलं असं समजून एडिटरच्या तारखा दुसऱ्याला देतो, हे करारातच असतं. इथे ते कलम वापरावं लागलं नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही तीन भाषांच्या मास्टर, दीड मिनिटाची आवृत्ती आणि अक्षरांशिवायची एक स्वच्छ प्रत दिली. ही स्वच्छ प्रत पुढच्या वर्षी सर्टिफिकेट किंवा क्षमतेचा आकडा बदलला की लागते, आवाजाला हात न लावता नव्या पाट्या चढवता येतात. कच्चं फुटेज वर्षभर आमच्याकडे राहील आणि त्यानंतर त्यांनी स्वतःची हार्ड डिस्क आणून न्यावं, हे डिलिव्हरीच्या मेलमध्ये लिहिलं. प्रदर्शनाहून आल्यावर दादांनी अरबी सबटायटलची चौकशी केली, आणि त्याचं वेगळं क्वोटेशन मी त्याच आठवड्यात पाठवलं.